पाच ‘च’ आणि तेवीस चुका

दिवाळी अंकाचे शेवटचे पंधरा दिवस चालू होते. संध्याकाळी प्रेसमधला मुलगा चौथ्या फर्म्याचे छापील कागद देऊन गेला. मी मुद्रितशोधक आहे, त्यामुळे छापलेला कागद हातात आला की सवयीनं आधी जिथे भीती असते तिथेच नजर जाते. या फर्म्यात भीती होती ती 52 आणि 53 या पानांवरच्या कवितेची. ज्येष्ठ कवयित्री. त्यांनी कवितेत शेवटच्या क्षणी बदल करून नवी प्रत पाठवली होती, आणि ती जुन्या फॉण्टमध्ये टाइप केलेली होती. जुन्या फॉण्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार सरकतात, हे आमच्या कामातलं रोजचं दुखणं आहे. ‘सूर्य’चं ‘सूयर्’ होतं, ‘वर्ष’चं ‘वषर्’ होतं. दुसऱ्या प्रुफात मी ते सगळे एकेक करून लाल शाईनं दाखवले होते. बाईंनी दोनदा फोन करून विचारलं होतं, “रफार बघितलेस ना गं?” मी म्हटलं होतं, “बघितले, निर्धास्त राहा.”

छापील कागदावर पहिल्याच कडव्यात ‘सूयर्’ होता.

एक फर्मा म्हणजे सोळा पानं. ती एका मोठ्या कागदाच्या दोन बाजूंना एकदम छापली जातात. म्हणजे एका पानावरची चूक सुधारायची तर सोळाच्या सोळा पानं परत छापावी लागतात, आणि तो कागद तर सगळ्या प्रतींसाठी छापून झालेला होता. मी आणखी दोन-तीन पानं चाळली. जिथे लाल खूण केल्याचं आठवत होतं, तिथे तिथे जुनाच मजकूर होता. त्यापुढे मला वाचवेना.

रात्री अकरा चाळीसला मी मेल लिहायला बसले. ती आमच्या अंकाची मांडणी करणाऱ्या सहकाऱ्याला होती. आम्ही नऊ वर्षं एकत्र काम करतोय. मी त्याला दादा म्हणते, तो मला ताई म्हणतो, आणि दोघंही एकमेकांना अरे-तुरे करतो. तो मसुदा अजून माझ्याकडे आहे. जसाच्या तसा देते.

> नमस्कार,
>
> आपण फर्मा छपाईला देण्यापूर्वी एकदा तरी उघडून बघण्याची तसदी घेतली असती तर बरं झालं असतं. मी तीन-तीन वेळा प्रुफं वाचायची, डोळे फोडायचे आणि शेवटी छापायचं जुनंच, हे आता नेहमीचंच झालंय. दुरुस्त्या घ्यायच्याच नसतील तर तसं सांगून टाका, म्हणजे आम्ही तरी वेळ वाया घालवणार नाही. बाईंना तोंड कसं दाखवायचं ते आपणच सांगा. गेल्या वर्षी अनुक्रमणिकेचंही हेच झालं होतं, तेव्हा मी गप्प बसले. ही शेवटची वेळ.

सीसीमध्ये संपादकांचा पत्ता घातला आणि बोट ‘पाठवा’वर नेलं. थांबले ती काही शहाणपणामुळे नाही. लिहिताना शेवटच्या ओळीत ‘वेळ’चं ‘वेल’ झालं होतं, ते दुरुस्त करायला मी परत वर गेले. तेव्हा सगळं पुन्हा वाचलं गेलं, आणि वाचताना धंद्याची नजर जागी झाली. दुसऱ्याचा मजकूर वाचते तसा मी तो वाचू लागले.

पहिल्यांदा टोचलं ते ‘नमस्कार’. नऊ वर्षांत मी त्याला ‘दादा’शिवाय पत्राची सुरुवात केलेली नाही. मग ‘आपण’. आपल्याकडे रागाची ही फार जुनी खूण आहे. ज्याला एरवी ‘तू’ म्हणतो त्याला राग आला की ‘तुम्ही’ म्हणतो, आणि फारच आला की ‘आपण’. बायको नवऱ्याला अशी बोलते, आई मोठ्या मुलाला अशी बोलते. व्याकरणात तो आदर असतो, पण ऐकणाऱ्याच्या तोंडावर दार लागलेलं असतं. आणि माझ्याकडूनही ‘मी’चं ‘आम्ही’ झालं होतं, जणू माझ्यामागे अख्खं कार्यालय उभं होतं. खरं तर त्या खोलीत मी एकटी होते.

मग ‘च’ दिसले. मी पेन्सिल घेऊन मोजले: जुनंच, नेहमीचंच, घ्यायच्याच, आपणच, हेच. सहा वाक्यांत पाच ‘च’, वर दोन ‘तरी’. मराठीत संताप मोठ्या शब्दांत राहत नाही, तो या एक-दोन अक्षरी शब्दांत राहतो. ‘हे नेहमीचं झालंय’ ही तक्रार आहे. ‘हे नेहमीचंच झालंय’ म्हटलं की समोरच्याचा स्वभावच काढला. ‘एकदा बघितलं असतंस’ यात चूक दाखवली जाते, ‘एकदा तरी बघितलं असतंस’ यात तू कधी बघतच नाहीस हेही सांगून होतं. रागावून लिहिलेला मजकूर निवळायचा तर मी आता आधी हेच दोन शब्द शोधते. ते काढून वाक्य परत वाचायचं. वाक्यात अजून काही सांगण्यासारखं उरलं असेल तर ते वाक्य ठेवायचं. ‘नेहमीचंच झालंय’ मधला ‘च’ काढला तेव्हा मला विचारावं लागलं, खरंच नेहमीचं झालंय का? नऊ वर्षांत दोनदा झालं होतं. ते वाक्य गेलं.

पण मला सगळ्यात जास्त बोचलं ते वेगळंच होतं. त्या अख्ख्या पत्रात एकही पान क्रमांक नव्हता. कोणता फर्मा, कोणती पानं, कोणता शब्द चुकलाय, आता काय करायचं, काहीच नव्हतं. त्यानं ते पत्र सकाळी उघडलं असतं तर मी फार चिडले आहे एवढं त्याला नीट कळलं असतं, आणि नेमकं काय बिघडलंय हे मात्र त्याला मलाच परत विचारावं लागलं असतं. मी दिवसभर दुसऱ्यांच्या लेखात ‘कोणी, कुठे, कधी ते स्पष्ट करावे’ असं समासात लिहिते.

मग मी ‘प्रति’ आणि सीसीच्या चौकटींतले दोन्ही पत्ते पुसले. ही सवय तेव्हापासून लागली, आणि मी ती प्रत्येकाला सांगते. जीमेलमध्ये पाठवलेलं पत्र मागे घ्यायला फार तर 30 सेकंद मिळतात, तेही आधी तशी सोय लावून ठेवली असेल तर. एरवी पाचच सेकंद. राग इतक्यात उतरत नाही. पत्ताच नसला तर चुकून बोट लागलं तरी पत्र जात नाही.

त्यानंतर मी जे लिहिलं त्याबद्दल मला जास्त सांगायचं आहे, कारण लोकांची गाडी बहुधा इथेच घसरते. राग काढून टाकायचा म्हणून मी दुसरा मसुदा केला:

> दादा, चौथ्या फर्म्यात काही किरकोळ चुका राहून गेल्यासारख्या वाटताहेत. वेळ मिळाला की जरा नजर टाकशील का? घाई नाही.

हे वाचायला गोड आहे आणि पूर्णपणे खोटं आहे. चुका किरकोळ नव्हत्या. घाई होती, सकाळी नऊला प्रेस सुरू होणार होतं. आणि ‘राहून गेल्यासारख्या वाटताहेत’ म्हणजे काय? कागद माझ्यासमोर पडला होता, वाटण्याचा प्रश्नच नव्हता. मराठीत ‘राहून गेलं’ हे फार सोयीचं क्रियापद आहे. त्यात कोणी काही केलेलं नसतं, काम आपलं आपण राहून जातं, जसा छत्रीचा विसर पडतो. घरात, पाहुण्यांत ते शोभतं. पण कामाच्या पत्रात ते वापरलं की चुकीला धनी उरत नाही, आणि धनी नसलेली चूक कोणी दुरुस्त करत नाही. या पत्राला दादानं दुपारी चारला ‘बघतो ताई’ असं उत्तर दिलं असतं, आणि त्यात त्याची काही चूक नसती. मग मी संध्याकाळी दुप्पट चिडले असते.

पहिल्या पत्रात माणूस होता आणि चूक नव्हती. दुसऱ्यात दोन्ही नव्हतं. मला चूक हवी होती, नेमकी.

म्हणून मी लिहिणं थांबवलं आणि मोजायला बसले. दुसऱ्या प्रुफाचे माझे लाल खुणांचे कागद डावीकडे, छापील फर्मा उजवीकडे. पान 49 पासून एकेक खूण घेऊन ताडत गेले. सोळा पानांत 23 दुरुस्त्या छापील कागदात नव्हत्या, त्यातल्या नऊ एकट्या कवितेत. याला तासभर लागला. या तासानं मी शांत झाले असं म्हणणार नाही, पण मनात जो ‘सगळंच वाटोळं झालं’ असा गोळा होता त्याचा एक आकडा झाला.

मग मनात आलं, आधी त्यानं मला शेवटची पीडीएफ पाठवली होती, तिच्यात काय होतं? मेलमध्ये शोधली. 12 तारखेची, `forma4_final.pdf`. उघडून पान 52 वर गेले. ‘सूर्य’ बरोबर होता. रफार ‘य’च्या डोक्यावर जिथे हवा तिथे. मी तेवीसच्या तेवीस जागा बघितल्या. सगळ्या दुरुस्त केलेल्या होत्या.

मी बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिले. ‘दुरुस्त्या घ्यायच्याच नसतील तर तसं सांगून टाका’ असं मी ज्याला लिहिलं होतं, त्यानं प्रत्येक दुरुस्ती घेतली होती. छपाईला दुसरीच कुठली तरी फाइल गेली होती. ही चूक लहान नव्हती, ती त्याच्या हातून झाली असण्याची शक्यताही होती, पण मी जो आळस आणि बेपर्वाई त्याच्या माथी मारली होती ती नव्हती. ते पत्र गेलं असतं तर त्यानं आधी स्वतःची बाजू मांडली असती, आणि ती खरी असती. खरी बाजू असलेल्या माणसाशी मी चुकीच्या मुद्द्यावर भांडत बसले असते, आणि ‘सूयर्’ तिथेच राहिला असता.

सकाळी साडेसहाला उठून मी तिसरा मसुदा केला. रात्रभर थांबायला मिळालं ते प्रेस बंद होतं म्हणून. नेहमी इतका वेळ मिळत नाही, आणि मशीन चालू असतं तर मी रात्रीच फोन केला असता. फोनवर आवाज कळतो, त्यात गैरसमज कमी होतो, हे मला मान्य आहे. पण पान क्रमांक फोनवर सांगितले की कागदाच्या कपट्यावर लिहिले जातात आणि हरवतात. ते लिहून पाठवायचे.

> विषय: चौथा फर्मा (पृ. 49–64), दुसऱ्या प्रुफाच्या 23 दुरुस्त्या छापील कागदात नाहीत
>
> दादा,
>
> काल संध्याकाळी चौथ्या फर्म्याचे छापील कागद आले. पान 49 ते 64 मध्ये दुसऱ्या प्रुफातल्या 23 दुरुस्त्या नाहीत. पानांसहित यादी सोबत जोडली आहे. तू 12 तारखेला पाठवलेली `forma4_final.pdf` मी रात्री उघडून ताडून बघितली, तिच्यात त्या सगळ्या झालेल्या आहेत. त्यामुळे छपाईला वेगळी फाइल गेली असावी असं मला वाटतं. कोणती गेली ते मला इथून दिसत नाही.
>
> जास्त नुकसान पान 52-53 वरच्या कवितेचं झालंय. रफार सरकलेत, ‘सूर्य’चं ‘सूयर्’ आणि ‘अर्थ’चं ‘अथर्’ छापलं गेलंय. ही दोन पानं अशी वाचकांपर्यंत जाऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. बाईंनी दोनदा फोन करून याच पानांबद्दल विचारलं होतं आणि मी त्यांना शब्द दिला होता. काल ते बघून मला फार वाईट वाटलं, रागही आला.
>
> आज नऊच्या आत दोन गोष्टी हव्यात. प्रेसकडे कोणती फाइल गेली ते बघून सांग. आणि पुढचे फर्मे त्याच जागेवरून गेले नाहीत ना, ते तपास. फर्मा परत छापायचा तर खर्चाचा निर्णय सरांनाच घ्यावा लागेल. मी त्यांना दहाला फोन करणार आहे. त्याआधी तुझ्याकडून कळलं तर त्यांना नीट सांगता येईल.
>
> मी जागी आहे, फोन केलास तरी चालेल.

‘छापील कागदात दुरुस्त्या नाहीत’ यातही कर्ता नाही, मग ते ‘राहून गेल्या’पेक्षा वेगळं कसं, असं कोणी विचारेल. वेगळं आहे. ‘राहून गेल्या’ हा चुकीचा खुलासा आहे, आणि तो मी त्याच्या वतीनं आधीच देऊन मोकळी झालेली असते. ‘कागदात नाहीत’ हे फक्त डोळ्यांनी बघितलेलं आहे. खुलासा त्यानं द्यायचा आहे, आणि तो मागणारं वाक्य खाली स्वच्छ लिहिलं आहे. मी बघितलं ते एका वाक्यात, मला वाटतं ते ‘असावी’ लावून दुसऱ्यात, आणि मला माहीत नाही ते तिसऱ्यात. रागात या तिन्हींची एक मोट बांधली होती.

‘रागही आला’ हे दोन शब्द ठेवायचे की नाही यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. कामाच्या पत्रात भावना नको असं पुष्कळ जण सांगतात. मला ते पटत नाही. राग आलेला असताना तो पत्रातून पूर्ण पुसला की मजकूर असा काही कोरडा होतो की वाचणारा प्रत्येक वाक्याखाली तो शोधत बसतो. नऊ वर्षांच्या सहकाऱ्याला तर तो वासावरून कळतो. त्यापेक्षा एकदा, माझ्या नावावर, कारणासह सांगून टाकलेला बरा. फक्त तो यादीच्या आणि मागणीच्या मध्ये बसवला. सुरुवातीला ठेवला असता तर पुढचं सगळं त्यानं रागाच्या रंगात वाचलं असतं, आणि शेवटी ठेवला असता तर तेवढाच लक्षात राहिला असता.

सीसी काढली. संपादकांना कळायला हवंच होतं, पैशांचा प्रश्न होता. पण एखाद्याला पत्र लिहिताना वरिष्ठाला गुपचूप बाजूला बसवणं म्हणजे त्याला उत्तर देण्याआधीच आरोपी करणं. म्हणून मी त्यांना कधी आणि कशासाठी फोन करणार आहे ते पत्रातच लिहिलं. लपवलं काही नाही, आणि त्याला जवळजवळ तीन तासही मिळाले.

गेल्या वर्षीची अनुक्रमणिका मात्र पत्रातून गेली आणि माझ्या वहीत आली. ती तक्रार खरी होती, आणि मी तेव्हा गप्प बसले हेही खरं होतं. पण या फर्म्याशी तिचा संबंध नव्हता. अंक निघाल्यावर आम्ही दोघं बसतो, तेव्हा काढायची म्हणून मी तिच्यापुढे तारीख घातली. जुनी तक्रार नव्या पत्रात घातली की वाचणारा नेमकं तिचंच उत्तर देतो, कारण ते सोपं असतं.

सात वाजून पाच मिनिटांनी पत्ता घातला आणि पत्र पाठवलं. साडेसातला फोन आला.

“ताई, पेनड्राइव्ह.” एवढंच आधी म्हणाला. मग म्हणाला, “सत्तावन्न पानावरची जाहिरात रात्री बदलायला लागली ना, ती घरून केली. घरच्या पेनड्राइव्हवर दुसऱ्या प्रुफाच्या आधीची फाइल होती. तीच उघडली मी, जाहिरात टाकली आणि तीच प्रेसला पाठवली. कविता बघितलीच नाही. माझं चुकलं.” त्याचा आवाज बसलेला होता. मग तो थांबला. “तू पुढचे फर्मे बघ म्हणून लिहिलंयस ना, सहाव्यातही जाहिरात बदललीय. त्याच रात्री. तोही तिथूनच गेलाय.”

“प्लेट लागली?”

“आज लावणारेत. मी निघालोच आहे धायरीला प्रेसवर, पोचायच्या आत फोन करून थांबवतो. तू सहाव्याची तुझी प्रुफं काढ. नवी फाइल पाठवतो ती आपण फोनवर एकत्र वाचू, पानापानानं.”

मी गादीखालून सहाव्या फर्म्याचा गठ्ठा ओढला, लाल पेन शोधलं, आणि पान 81 उघडून त्याच्या फोनची वाट बघत बसले.